फोनमध्ये ई-सिम कितीही असोत, वाजतात दोनच: साठवलेलं आणि चालू प्रोफाइल यातला फरक

पहिलं ई-सिम घेताना फारसा प्रश्न येत नाही. क्यूआर कोड स्कॅन केला, दोन-चार वेळा पुढे-पुढे केलं आणि नंबर चालू झाला. गोंधळ सुरू होतो तो दुसरं किंवा तिसरं ई-सिम घेतल्यावर. "या फोनमध्ये आठ ई-सिम बसतात" असं दुकानदार सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आठही नंबर एकाच फोनवर वाजतील. आठ बसतात हे खरं असू शकतं, पण वाजतील त्यातले दोनच, आणि काही फोनमध्ये तर त्या दोनांतलं ई-सिम एकच. हा फरक आधी नीट कळला तर ओटीपी अडकणं, परदेशात उतरल्यावर नंबर बंद सापडणं, हातचं प्रोफाइल पुसलं जाणं, हे सगळं टळतं. म्हणून नव्याने ई-सिम वापरणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

फोनच्या आत काय असतं

ई-सिमच्या फोनमध्ये एक छोटी चिप कायमची बसवलेली असते. ती काढता येत नाही आणि तिला स्वतःचा ३२ आकडी ईआयडी असतो. तुमच्या फोनला तो आहे का हे बघायला डायल पॅडवर हे टाका:

```
*#06#
```

पडद्यावर आयएमईआय नंबर येतील, आणि फोनला ई-सिमची सोय असेल तर ईआयडीही दिसेल.

या चिपमध्ये कंपनीकडून जे उतरवून घेतलं जातं त्याला प्रोफाइल म्हणतात. आपल्या प्लॅस्टिकच्या सिमकार्डात जे असतं तेच सगळं त्यात असतं: सिमचा स्वतःचा क्रमांक आणि नेटवर्कला ओळख पटवून देणारी गुप्त किल्ली. चिप एकच, पण तिच्यात जागा असेल तितकी प्रोफाइलं राहू शकतात. आयफोनसाठी अॅपल आठ किंवा त्याहून जास्त असं सांगतं. इतर फोनमध्ये हा आकडा चिपच्या जागेवर आणि प्रत्येक प्रोफाइल किती मोठं आहे यावर ठरतो.

चिपमधल्या प्रत्येक प्रोफाइलची स्थिती दोनपैकी एक असते. एक म्हणजे चालू, दुसरी म्हणजे नुसतं साठवलेलं, म्हणजे बंद. तिसरी गोष्ट म्हणजे काढून टाकणं, पण ती स्थिती नव्हे, कारण मग प्रोफाइल चिपमध्ये उरतच नाही. बंद करणं आणि काढून टाकणं हे सेटिंगमध्ये एकाच पानावर, जवळजवळ असतं, आणि सगळी गडबड तिथेच होते. त्याकडे पुढे येतोच.

साठवलेलं प्रोफाइल नेटवर्कला दिसत नाही

बंद ठेवलेलं प्रोफाइल टॉवरशी काहीही बोलत नाही. त्या नंबरवर कुणी फोन केला तर त्याला 'स्विच ऑफ' किंवा 'संपर्क होऊ शकत नाही' असंच ऐकू येईल. एसएमएस कंपनीकडे काही काळ थांबून राहतो आणि प्रोफाइल चालू केल्यावर येऊ शकतो, पण बँकेचा ओटीपी तोवर शिळा झालेला असतो. बऱ्याच जणांना वाटतं की दोन्ही नंबर एकाच फोनमध्ये आहेत, म्हणजे कॉल आपोआप चालू नंबरवर वळेल. तसं काही होत नाही. फोनच्या दृष्टीने तो नंबर त्या क्षणी खिशात नाहीच.

दुसरीकडे, कंपनीच्या हिशेबात मात्र नंबर जिवंत असतो. प्रोफाइल बंद ठेवलं म्हणून रिचार्जची मुदत थांबत नाही. २८ दिवसांचा प्लॅन असेल तर तो २८ दिवसांनी संपणारच. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर साधारणपणे नऊ मोबाइल जोडण्यांची मर्यादा आहे. त्या नवांत हा बंद ठेवलेला नंबरही मोजला जातो. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो काढून घेऊ शकते. म्हणून एखादा नंबर नुसता जपून ठेवायचा असेल तरी अधूनमधून ते प्रोफाइल चालू करायचं, त्यावरून एखादा कॉल करायचा आणि रिचार्ज बघून घ्यायचं.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. फोनच्या यादीत नाव दिसतं म्हणून नंबर जिवंत आहे असं समजू नका. रिचार्जअभावी कंपनीने नंबर बंद केला तरी प्रोफाइल चिपमध्ये तसंच पडून राहतं. चालू केल्यावर 'सेवा नाही' येतं तेव्हा कळतं.

एका वेळी किती चालू राहतील, हे आधी तपासा

हे फोनच्या मॉडेलवर अवलंबून आहे आणि खरेदीच्या वेळी सहसा कुणी विचारत नाही.

जुन्या ई-सिम फोनमध्ये, उदाहरणार्थ आयफोन एक्सएसपासून आयफोन १२ पर्यंत, एका वेळी एकच ई-सिम चालू राहतं. दुसरी चालू जागा प्लॅस्टिकच्या सिमसाठी असते. म्हणजे प्रोफाइलं पाच साठवली तरी त्यातलं एक आणि ट्रेमधलं सिम, असे दोन नंबर वाजतील. आयफोन १३ आणि त्यानंतरच्या फोनमध्ये दोन ई-सिम एकदम चालू राहतात. गुगलच्या पिक्सेल ७ पासूनही तशी सोय आहे. मात्र याही फोनमध्ये एकूण चालू नंबर दोनच. ट्रेमध्ये सिम असेल आणि ते चालू असेल तर त्याने एक जागा घेतलीच.

काही अँड्रॉइड फोनवर खोक्यावर 'ड्युअल सिम' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एक सिमकार्ड आणि एक ई-सिम असाच असतो. दोन आयएमईआय दिसतात म्हणजे दोन ई-सिम एकदम चालतील, असंही नाही. खात्री करायची तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडून दोन ई-सिम एकाच वेळी चालू राहतात का, एवढंच शोधा.

माझ्या मते हे कळल्यावर पहिला निर्णय एकच असतो: कोणता नंबर क्षणभरही बंद ठेवून चालणार नाही? बहुतेकांचा तो बँकेला आणि आधारला जोडलेला नंबर असतो. तुमच्या फोनमध्ये एकच ई-सिम चालू राहत असेल तर हा नंबर प्लॅस्टिकच्या सिमवरच ठेवा आणि बाकीचे ई-सिमवर घ्या. मग ई-सिम कितीही वेळा बदला, बँकेचा नंबर जागचा हलत नाही. लोक नेमकं उलटं करतात. मुख्य नंबर हौसेने ई-सिम करून घेतात, आणि प्रवासाचं ई-सिम घेतलं की दोघांपैकी एकच चालू ठेवायची वेळ येते.

एक उदाहरण: मांडवीतलं दुकान आणि सिंगापूरचा प्रवास

माझे मामा वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतात आणि मांडवीजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांच्याकडे आयफोन १३ आहे. घरचा नंबर, ज्यावर बँकेचे ओटीपी येतात, तो ई-सिम आहे. दुकानाचा नंबर प्लॅस्टिकच्या सिमवर आहे आणि गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं तोच माहीत आहे. मुलीकडे सिंगापूरला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी तिथल्या इंटरनेटसाठी फक्त डेटाचं एक प्रवासी ई-सिम घेतलं. म्हणजे तीन नंबर, आणि चालू जागा दोन.

"अरे, तिन्ही आत आहेत ना, मग तिन्ही चालू ठेव की," मामा म्हणाले.

"मामा, दोनच राहतील. तिकडे तुम्हाला घरचा नंबर आणि इंटरनेट लागणार. दुकानाचा नंबर तेवढे दिवस बंद ठेवू."

"आणि गिऱ्हाईक फोन करेल त्याचं काय?"

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर प्रोफाइल बंद करण्याच्या आधीच द्यावं लागतं. सगळं ज्या क्रमाने केलं तो असा.

निघण्याच्या चार दिवस आधी घरच्या वाय-फायवर प्रवासी ई-सिम उतरवून घेतलं. प्रोफाइल उतरवायला इंटरनेट लागतं, आणि परक्या विमानतळावर ते मिळेलच असं नसतं. त्याआधी त्या प्लॅनची मुदत केव्हापासून मोजतात ते वाचलं. काही प्लॅनची मुदत प्रोफाइल उतरवल्यापासून सुरू होते, काहींची परदेशी नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर. मामांचा प्लॅन दुसऱ्या प्रकारचा होता, म्हणून आधी घेऊन ठेवण्यात तोटा नव्हता. उतरवल्या-उतरवल्या त्याला 'प्रवास' असं नाव दिलं आणि बंद करून ठेवलं. बाकी दोघांना 'घर' आणि 'दुकान' अशी नावं दिली. हे काम क्षुल्लक वाटतं, पण यादीत 'प्रायमरी', 'सेकंडरी', 'ट्रॅव्हल' अशी नावं असली की घाईत भलतंच बंद होतं.

त्याच दिवशी घरच्या नंबरच्या कंपनीच्या अॅपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतलं. ते नसेल तर तिकडे प्रोफाइल चालू असूनही नेटवर्क मिळत नाही आणि ओटीपी येत नाही. रोमिंगमध्ये येणारा कॉल उचलला तरी पैसे लागू शकतात, म्हणून पॅकचे दर मामांना वाचून दाखवले.

निघायच्या आदल्या दिवशी दुकानाचा नंबर चालू असतानाच त्याचे सगळे कॉल दुकानात बसणाऱ्या मामेभावाच्या नंबरवर वळवले. कॉल वळवण्याची नोंद कंपनीच्या नेटवर्कमध्ये होते, फोनमध्ये नाही. त्यामुळे नंतर सिम बंद केलं तरी कॉल वळत राहतात. एसएमएस मात्र वळत नाहीत. मग दुकानाचं सिम बंद करून लगेच माझ्या फोनवरून त्या नंबरला कॉल लावला. मामेभावाचा फोन वाजला, तेव्हाच ते काम झालं असं मानलं. सिम ट्रेमधून काढलं नाही. प्लॅस्टिकचं सिमही सेटिंगमधूनच बंद करता येतं, मग ते पाकिटात ठेवून हरवण्याचा धोका कशाला?

सिंगापूरला उतरल्यावर मामांनी करायच्या गोष्टी कागदावर लिहून दिल्या होत्या. 'प्रवास' चालू करा. मोबाइल डेटासाठी 'प्रवास' निवडा. डेटा रोमिंग 'प्रवास'वर चालू आणि 'घर'वर बंद ठेवा. शेवटची गोष्ट मुद्दाम ठळक लिहिली, कारण रोमिंग म्हणजे बिल या भीतीने लोक दोन्हीकडे ते बंद करतात. प्रवासी ई-सिम बहुधा दुसऱ्या देशातल्या कंपनीचं असतं आणि तिथल्या नेटवर्कवर रोमिंग करूनच चालतं. त्यावरचं डेटा रोमिंग बंद असेल तर सिग्नलच्या कांड्या दिसतात, पण इंटरनेट येत नाही. शिवाय आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर Allow Mobile Data Switching नावाचं बटण असतं. ते बंद ठेवायचं, नाहीतर 'प्रवास'चा सिग्नल गेला की फोन 'घर'चा डेटा वापरायला लागतो.

परत आल्यावर 'प्रवास' बंद, 'दुकान' चालू, आणि कॉल वळवणं रद्द. हे तिसरं विसरलं तर नंबर चालू असूनही वाजत नाही.

हाच फोन आयफोन १२ असता तर ही मांडणी चाललीच नसती. 'घर' आणि 'प्रवास' दोन्ही ई-सिम, आणि तिथे त्यांतलं एकच चालू राहिलं असतं. मग निघण्याच्या बऱ्याच आधी घरचा नंबर प्लॅस्टिकच्या सिमवर आणि दुकानाचा ई-सिमवर, अशी अदलाबदल करावी लागली असती.

बटणं कुठे असतात

आयफोनमध्ये Settings उघडून Mobile Service वर जा. जुन्या आवृत्तीत तिथे Mobile Data किंवा Cellular लिहिलेलं दिसेल. हव्या त्या नंबरावर टॅप केलं की Turn On This Line हे बटण येतं. तेच चालू-बंदचं बटण. त्याच पानावर खाली Delete eSIM असतं, त्याला हात लावायचा नाही. पिक्सेलमध्ये Settings, मग Network & internet, मग SIMs, आणि तिथे Use SIM. सॅमसंगमध्ये Settings, Connections, SIM manager, आणि प्रत्येक नंबरापुढचं बटण.

दोन नंबर आधीच चालू असताना तिसरा चालू करायला गेलात तर फोन एक तर कोणता बंद करू असं विचारतो, नाहीतर आधी एक बंद करा असं सांगतो. विचारलं तर नीट वाचून उत्तर द्या. घाईत बँकेचाच नंबर बंद होतो.

बदल केल्यावर नेटवर्क धरायला थोडा वेळ लागतो, बहुधा मिनिटभराच्या आतच. वरची पट्टी खाली ओढली की चालू असलेल्या नंबरांच्या कंपन्यांची नावं दिसतात. तिथे जे नाव नाही, ते प्रोफाइल नुसतं साठवलेलं आहे.

बंद करणं वेगळं, काढून टाकणं वेगळं

बंद केलेलं प्रोफाइल पुन्हा चालू करायला क्यूआर कोड लागत नाही, इंटरनेट लागत नाही, कंपनीला विचारावं लागत नाही. दिवसातून चार वेळा केलं तरी हरकत नाही.

काढून टाकलेलं प्रोफाइल परत आणणं हे वेगळंच काम आहे. क्यूआर कोडमध्ये प्रोफाइल नसतंच. त्यात फक्त कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आणि तुमचं प्रोफाइल ओळखणारा एक कोड असतो. साधारण असा:

```
LPA:1$smdp.example.com$ABCD-1234-EFGH
```

हा कोड बहुधा एकदाच चालतो. एकदा प्रोफाइल उतरलं की तोच क्यूआर पुन्हा स्कॅन केल्यावर कोड वापरला गेला आहे किंवा वैध नाही असा संदेश येतो. क्यूआरचा फोटो जपून ठेवला म्हणजे ई-सिमची प्रत ठेवली, असं समजणारे पुष्कळ भेटतात. तो फोटो बहुतेक वेळा निरुपयोगी असतो.

मग कंपनीकडून नवं प्रोफाइल घ्यावं लागतं, आणि आपल्याकडे ते सिम बदलल्यासारखंच धरलं जातं. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरावर एसएमएस येणं-जाणं बंद राहतं. सिम बदलून बँक खातं रिकामं करण्याच्या फसवणुकीला आळा बसावा म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण तेवढा वेळ ओटीपी येत नाही, यूपीआय नव्याने जोडताना फोनवरून जाणारा एसएमएसही जात नाही. प्लॅस्टिकचं सिम पहिल्यांदा ई-सिम करून घेतानाही हेच होतं. म्हणून असला बदल प्रवासाच्या किंवा मोठ्या व्यवहाराच्या तोंडावर करू नका. शिवाय सिम बदलल्यापासून सात दिवस दुसऱ्या कंपनीत नंबर नेता येत नाही.

काढायला हरकत नाही ती फक्त मुदत संपलेली प्रवासी प्रोफाइलं, आणि चिपमधली जागा मोकळी करायला ती काढावीतच. काढण्याआधी नाव, कंपनी आणि नंबर तिन्ही वाचा, आणि काढताना फोन इंटरनेटला जोडलेला ठेवा, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरलाही तशी नोंद मिळते.

अडलं तर काय बघायचं

ओटीपी येत नसेल तर आधी दुसऱ्या फोनवरून त्या नंबराला कॉल लावा. कॉल लागला पण एसएमएस येत नसेल, आणि सिम कालपरवाच बदललं असेल, तर २४ तासांचा नियम आड येतोय. थांबण्याखेरीज उपाय नाही. कॉलच लागत नसेल तर प्रोफाइल बंद आहे का ते बघा. दहापैकी नऊ वेळा तिथेच सापडतं, असा माझा अनुभव आहे.

प्रोफाइल चालू आहे पण 'सेवा नाही' दिसत असेल, तर भारतात असताना रिचार्ज आणि नंबर जिवंत आहे का हे कंपनीच्या अॅपमध्ये तपासा. परदेशात असताना रोमिंग सुरू आहे का ते तपासा. या दोन्हींत काही चूक नसेल तर प्रोफाइल बंद करून पुन्हा चालू करा, मग फोन बंद-चालू करा. प्रोफाइल काढून पुन्हा टाकून बघू, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने साधी अडचण २४ तासांची होते.

एका नंबरावर बोलत असताना दुसरा नंबर लागत नाही, अशीही तक्रार येते. दोन्ही चालू असले तरी बऱ्याच फोनमध्ये एका वेळी एकाच नंबरावर बोलता येतं. दोन्ही नंबरांवर वाय-फाय कॉलिंग चालू ठेवलं तर अनेकदा दुसरा कॉलही कळतो.

आणि फोन बदलताना किंवा दुरुस्तीला देताना एवढं ध्यानात ठेवा: प्रोफाइल बॅकअपमध्ये जात नाही. फोटो, संपर्क, मेसेज नव्या फोनवर येतील, ई-सिम येणार नाही, कारण त्याची गुप्त किल्ली जुन्या फोनच्या चिपमधून बाहेरच पडत नाही. ते वेगळं हलवावं लागतं, आणि साठवून ठेवलेलं प्रत्येक प्रोफाइल स्वतंत्रपणे. फोन फॅक्टरी रीसेट करताना ई-सिम ठेवायचं की पुसायचं हे फोन विचारतो. फोन स्वतःकडेच राहणार असेल तर ठेवा असंच निवडा; विकणार असाल तर आधी सगळे नंबर नव्या फोनवर वाजतात हे बघून घ्या आणि मगच पुसा.